गडद जांभळ्या बुधवारचं काय करायचं?

२३ ऑगस्ट २०२३, बुधवार. संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रयान-३चं विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, तेव्हा इस्रोच्या यूट्यूब चॅनेलवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक प्रेक्षक हजर होते. एरवी त्या वेळेला लोकलच्या गर्दीत किंवा स्वयंपाकाच्या ओट्याशी असणारी माणसंही त्या दिवशी फोन नाहीतर टीव्ही लावून बसली होती.

आता एका मराठी पाककृती चॅनेलची कल्पना करू. चाळीसेक हजार सबस्क्रायबर, आठवड्याला एक व्हिडिओ. शूटिंग, एडिटिंग, थंबनेल, सगळं एकटी बाईच करते. ११ सप्टेंबरला ती यूट्यूब स्टुडिओ उघडते आणि ऑडियन्स टॅबमध्ये ‘When your viewers are on YouTube’ या नावाचा तक्ता बघते. त्यात आडवे सात वार असतात, उभे चोवीस तास असतात आणि प्रत्येक तासाला जांभळ्या रंगाची एक छटा असते. रंग जितका गडद, तितके तिचे जास्त प्रेक्षक त्या तासाला यूट्यूबवर होते. बुधवारचा संध्याकाळी सहाचा खाना सगळ्यांत गडद दिसतो. मग दर बुधवारी सहाला व्हिडिओ टाकायचा, असं ती ठरवून टाकते.

हा तक्ता मागच्या २८ दिवसांचा असतो, आणि २८ दिवसांत बुधवार चारच येतात. तिच्या तक्त्यातला पहिला बुधवार १६ ऑगस्टचा, म्हणजे महाराष्ट्रात पारशी नववर्षाच्या सुट्टीचा. दुसरा चंद्रयानाचा. तिसरा, ३० ऑगस्टला, रक्षाबंधन. चौथा, ६ सप्टेंबरला, जन्माष्टमी. रोजच्यासारखा कामाचा बुधवार त्यात एकही नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. इथे चार शितं चार वेगळ्या चुलींवरची आहेत.

थोड्या आठवड्यांच्या माहितीतले योगायोगही नियम समजून बसायचं आणि पुढच्या महिन्यात तो नियम फोल ठरला की गोंधळून जायचं, या चुकीला संख्याशास्त्रात ‘ओव्हरफिटिंग’ म्हणतात. व्हिडिओ टाकण्याची वेळ ठरवताना ती फार सहज होते, कारण तक्ता दिसायला अगदी नेमका आणि ठाम असतो.

तक्ता कशाचं उत्तर देतो

सगळ्यात आधी हा तक्ता काय मोजतो ते पाहायला हवं. चॅनेलचे प्रेक्षक यूट्यूबवर कधी असतात, एवढंच तो सांगतो. त्या वेळी ते पाककृती बघत असतील, क्रिकेटचे हायलाइट्स बघत असतील किंवा नातवाला बालगीतं लावून देत असतील. चंद्रयान बघायला आलेली गृहिणीही त्या खान्यात मोजली जाते. शिवाय खान्यांवर आकडा नसतो, फक्त छटा असते. त्यामुळे गडद आणि मध्यम खान्यात फरक थोडा आहे की दुप्पट, हे त्या रंगावरून कळत नाही.

दुसरी गोष्ट खुद्द यूट्यूबनेच आपल्या मदतपानांवर सांगून ठेवली आहे. व्हिडिओ प्रकाशित करण्याच्या वेळेचा त्याच्या दीर्घकालीन कामगिरीवर थेट परिणाम होतो, असं आढळलेलं नाही. याचं कारण शिफारशींच्या रचनेत आहे. प्रेक्षक ॲप उघडतो तेव्हा त्याच्यासाठी होम पान तयार होतं आणि त्यात दुपारचा, कालचा किंवा तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओही येऊ शकतो. दुपारी तीनला टाकलेली भरली वांगी रात्री नऊला ॲप उघडणाऱ्यापर्यंत पोचतात. टीव्हीवरच्या कार्यक्रमासारखी त्यांची वेळ टळून जात नाही.

म्हणून वेळेवर डोकं खर्च करण्याआधी चॅनेलवाल्या बाईने व्ह्यूज कुठून येतात ते पाहिलेलं बरं. स्टुडिओत ट्रॅफिक सोर्सची विभागणी मिळते. निम्मे व्ह्यूज यूट्यूब सर्चमधून येत असतील, तर लोक ‘उकडीचे मोदक’ असं टाइप करून गणपतीच्या आदल्या दिवशी व्हिडिओ शोधत आहेत. त्यांना तो मंगळवारी आला की शनिवारी, याच्याशी काही घेणंदेणं नाही. नोटिफिकेशन आणि सबस्क्रिप्शन फीड यांचा वाटा मोठा असेल, तर मात्र पहिल्या काही तासांना अर्थ आहे. बातम्या, सामन्याचं विश्लेषण, निकालाच्या दिवसाची माहिती असे लवकर शिळे होणारे विषय असतील, तर त्याहून जास्त.

१६८ खान्यांतला विजेता

सात वार गुणिले चोवीस तास, म्हणजे १६८ खाने. त्यातला सगळ्यांत गडद खाना निवडणं ही वरवर साधी वाटणारी कृतीच योगायोगाला पुढे आणते.

एक हिशेब करून पाहू. घटकाभर असं धरू की सगळे तास खरोखर सारखेच आहेत आणि प्रत्येक तासाची हजेरी आठवड्यागणिक निव्वळ योगायोगाने १० टक्क्यांच्या आसपास वरखाली होते. चार आठवड्यांची सरासरी काढली की हा हेलकावा निम्मा होतो, म्हणजे ५ टक्क्यांवर येतो. इथवर ठीक आहे. पण १६८ खान्यांतला सर्वांत वरचा उचलला, तर तो सरासरीपेक्षा सुमारे १३ टक्के वर असणं हेच अपेक्षित आहे. खरा फरक शून्य असतानाही तक्ता एक ‘विजेता’ दाखवतोच. पुढच्या महिन्यात तो खाना पुन्हा सरासरीकडे येतो आणि दुसराच कुठला तरी गडद होतो. मग चॅनेलवाल्याला वाटतं की प्रेक्षकांच्या सवयी बदलल्या. तो वेळ बदलतो आणि हा पाठलाग चालूच राहतो.

प्रत्यक्षात सगळे तास सारखे नसतात. पहाटे तीन आणि रात्री नऊ यांतला फरक खरा आहे, मोठा आहे आणि दर महिन्याला तसाच दिसतो. ओळखायचं आहे ते नेमकं हेच, की कोणता फरक टिकणारा आणि कोणता त्या महिन्यापुरता.

पहिली खूण शेजाऱ्यांची. माणसांची ये-जा हळूहळू होते. सहाला खरोखरच गर्दी असेल, तर पाचला ती थोडी चढलेली आणि सातला अजून टिकलेली दिसायला हवी. मंगळवार आणि गुरुवारच्या सहालाही तिचा काही माग लागायला हवा, कारण नोकरी, शाळा आणि स्वयंपाक यांची वेळ मंगळवारी एक आणि बुधवारी दुसरी नसते. एकटाच खाना गडद आणि चारी बाजू फिक्या असतील, तर तिथे सवयीपेक्षा एखादी घटना असण्याची शक्यता जास्त. म्हणून तास निवडण्याऐवजी तीन-तीन तासांचे गट करावेत आणि सोमवार ते शुक्रवार एकत्र, शनिवार आणि रविवार वेगवेगळे धरावेत. १६८ खान्यांचे असे २४ होतात आणि योगायोगाने वर येणाऱ्यांची संख्या आपोआप घटते.

दुसरी खूण पुनरावृत्तीची. स्टुडिओतला हा तक्ता फक्त मागचे २८ दिवस दाखवतो, त्यामुळे जुना जपून ठेवायचा तर दर चार आठवड्यांनी स्क्रीनशॉट घ्यावा लागतो. दर आठवड्याला पाहून उपयोग नाही. आज आणि आठ दिवसांपूर्वी पाहिलेल्या दोन तक्त्यांत २८पैकी २० दिवस सामाईकच असतात. ते एकमेकांसारखे दिसले, तर त्यात नवल नाही आणि पुरावाही नाही. एकमेकांत न मिसळणारे तीन तक्ते हवेत. पहिल्यावरून अंदाज बांधायचा, दुसऱ्या आणि तिसऱ्यावर तो तपासायचा.

तिसरी खूण पंचांगाची, म्हणजे शब्दशः भिंतीवरच्या कॅलेंडरची. प्रत्येक स्क्रीनशॉटखाली त्या चार आठवड्यांतले सण, सुट्ट्या, परीक्षा आणि मोठे सामने लिहून ठेवावेत. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करायलाही हे लागतं, कारण आपले सण इंग्रजी तारखेला बांधलेले नाहीत. २०२२ साली गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि ती १९ सप्टेंबरवर गेली. दोन वर्षांचे सप्टेंबर शेजारी ठेवले, तर एकात गणपतीची तयारी दिसेल आणि दुसऱ्यात विसर्जन.

आपल्या पाककृतीवाल्या बाईने असे तीन तक्ते जमवले, असं समजू. पहिला १४ ऑगस्ट ते १० सप्टेंबर, दुसरा ८ ऑक्टोबरपर्यंत आणि तिसरा ५ नोव्हेंबरपर्यंत. दुसऱ्यात गणेशोत्सव, तिसऱ्यात नवरात्र आणि दसरा, शिवाय ५ ऑक्टोबरपासून क्रिकेटचा विश्वचषक. त्याचे सामने हॉटस्टारवर दिसत होते. १९ नोव्हेंबरच्या रविवारी दुपारी अंतिम सामना झाला, तेव्हा तिथे एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. तो रविवार पुढच्या तक्त्यात आला, तर रविवार दुपारची यूट्यूबवरची हजेरी नेहमीपेक्षा विरळ दिसू शकते. साधा महिना या मोसमात मिळतच नाही. पण प्रत्येक तक्त्यातलं कारण वेगळं असल्यामुळे जे तिन्हींत टिकेल त्यावर भरवसा ठेवता येतो. समजा, तिच्या बाबतीत बुधवार सहा दुसऱ्याच तक्त्यात विरून गेला आणि तिन्हींत दोन गोष्टी उरल्या: रोज रात्री आठ ते दहा, आणि रविवारी सकाळी दहा ते बारा.

दोन वेळांची परीक्षा

आता या दोन वेळांपैकी कोणती? हे तक्ता सांगू शकत नाही. त्यासाठी व्हिडिओ टाकूनच पाहावं लागतं, आणि इथे एक खड्डा आहे.

यूट्यूब ॲनालिटिक्समधले दिवसवार आकडे पॅसिफिक वेळेनुसार, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने मोजलेले असतात. तिथली मध्यरात्र म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. उन्हाळ्यात सकाळी अकराला टाकलेल्या व्हिडिओचा ‘पहिला दिवस’ दीड तासात संपतो. रात्री आठला टाकलेल्याला मात्र साडेसोळा तास मिळतात. पहिल्या दिवसाचे व्ह्यूज शेजारी ठेवून रात्रीची वेळ भारी ठरवणारा माणूस खरं तर दीड तासाची साडेसोळा तासांशी तुलना करत असतो. तुलना करायची ती व्हिडिओ आल्यापासूनच्या पहिल्या २४ तासांची किंवा पहिल्या सात दिवसांची. मोजमाप कोणतं, हे परीक्षेच्या आधीच वहीत लिहून ठेवायचं. नंतर निवडायला गेलं, की मनाला पटेल तेच मोजमाप निवडलं जातं.

बाईने पहिले सात दिवस हे मोजमाप ठरवलं. दर दोन आठवड्यांच्या जोडीत एक व्हिडिओ गुरुवारी रात्री आठला आणि एक रविवारी सकाळी दहाला टाकायचा, आणि आधी कोणता हे नाणं उडवून ठरवायचं. नाणं कशाला? स्वतःच्या मनाने ठरवलं, तर आवडता व्हिडिओ नकळत आवडत्या वेळेला जातो. सोळा आठवड्यांत दोन्ही वेळांना आठ-आठ व्हिडिओ झाले. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण त्यांची घडण कुठल्याही लहान चॅनेलवर भेटते.

गुरुवारी रात्रीच्या आठ व्हिडिओंची सरासरी आली ४,२५०. रविवार सकाळची आली ३,५००. रात्रीची वेळ २१ टक्क्यांनी पुढे! पण यादी उघडून पाहिली, तर रात्रीच्या आठांत एका व्हिडिओला एकट्यालाच ११,२०० व्ह्यूज होते, आणि तो होता दिवाळीच्या तोंडावर आलेला चकलीचा. तेवढा बाजूला काढला, की उरलेल्या सातांची सरासरी ३,२५७ होते, रविवारच्याही खाली. चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा, म्हणजे मध्यक काढला, तर रात्रीचा ३,२५० आणि रविवारचा ३,३५०. एका चकलीने २१ टक्क्यांचा फरक तयार केला होता. लहान नमुन्यात सरासरीपेक्षा मध्यक पाहावा तो याचसाठी.

मग आणखी किती व्हिडिओ टाकले की उत्तर पक्कं होईल? यासाठी संख्याशास्त्रात एक ढोबळ नियम वापरतात. व्हिडिओ-व्हिडिओंतला चढउतार टक्क्यांत घ्यायचा, जो फरक पकडायचा आहे त्या टक्क्यांनी त्याला भागायचं, उत्तराचा वर्ग करायचा आणि १६ने गुणायचं. तेवढे व्हिडिओ प्रत्येक वेळेला लागतात. लहान चॅनेलवर चढउतार ५० टक्के असणं नवलाचं नाही. वेळेमुळे होणारा १० टक्क्यांचा फरक पकडायचा असेल, तर ५० भागिले १० म्हणजे ५, त्याचा वर्ग २५, गुणिले १६ म्हणजे ४००. दोन्ही वेळा मिळून ८०० व्हिडिओ. आठवड्याला एक या गतीने पंधरा वर्षांहून जास्त काळ! वेळेमुळे ५० टक्क्यांचा फरक पडत असेल, तर मात्र प्रत्येकी १६ पुरतात, म्हणजे ३२ आठवडे.

या हिशेबाने प्रश्नाचं रूपच पालटतं. आठवड्याला एक व्हिडिओ टाकणाऱ्या चॅनेलला वेळेचा बारीकसा फायदा स्वतःच्या आकड्यांतून कधीच सिद्ध करता येणार नाही. प्रचंड फरक असेल, तर तो सात-आठ महिन्यांत दिसेल. सोळा आठवड्यांनंतर दोन मध्यक इतके जवळ आले, यावरून दोन्ही वेळा तंतोतंत सारख्या आहेत असं ठरत नाही. फार मोठा फरक असण्याची शक्यता मात्र कमी आहे, एवढं म्हणता येतं. मग निवड सोयीवर सोपवायला हरकत नाही. बाईला शनिवारी एडिटिंग संपवता येत असेल, तर रविवार सकाळ घ्यावी. आदल्या रात्रीच व्हिडिओ चढवून शेड्यूल करावा, म्हणजे एचडी प्रक्रिया आणि कॉपीराइटची तपासणी प्रकाशनाआधी पूर्ण होते. नाहीतर पहिल्या तासात आलेल्यांना धूसर चित्र दिसतं. तासाच्या निवडीने होईल न होईल त्यापेक्षा हे नुकसान खात्रीचं.

एकदा ठरलेली वेळ सहा महिने तरी हलवू नये. बदलाचा विचार करायचा तो एकमेकांत न मिसळणाऱ्या लागोपाठच्या दोन तक्त्यांनी एकाच दिशेला बोट दाखवलं आणि कॅलेंडरवर त्याचं तात्पुरतं कारण सापडलं नाही, तरच. एप्रिल-मेच्या सुट्टीत दुपार गडद झाली, तर ती जूनमध्ये शाळांबरोबर ओसरणार आहे. एखादा शॉर्ट्स व्हिडिओ अचानक लाखोंनी पाहिला गेला, तरी सावध राहावं. नवख्या प्रेक्षकांनी तक्त्याचा रंग बदलतो, पण ते पुढच्या महिन्यात परत येतीलच असं नाही.

थेट प्रक्षेपणाचा अपवाद

लाइव्ह आणि प्रीमियरला हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे प्रेक्षक त्या क्षणी हजर असण्यालाच महत्त्व आहे, आणि प्रेक्षकांची हजेरी दाखवणारा तक्ता याच कामाला सर्वांत उपयोगी पडतो. यूट्यूबही तो त्यासाठी वापरायला सुचवतं.

बाईच्या चॅनेलचे काही प्रेक्षक न्यू जर्सीत असतील, तर तक्त्यात एक छोटा दुसरा उंचवटा दिसेल, आपल्याकडच्या पहाटे साडेसहाच्या सुमारास. तक्ता बघणाऱ्याच्या स्थानिक वेळेत असतो, आणि तिथले रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले सकाळचे साडेसहा. २०२३ साली अमेरिकेतली घड्याळं ५ नोव्हेंबरला एक तास मागे गेली. ६ नोव्हेंबरपासूनच्या चौथ्या तक्त्यात हा उंचवटा साडेसातकडे सरकेल. सवय कोणाचीच बदललेली नाही, फक्त घड्याळ बदललं आहे. हे माहीत नसेल, तर तिला वाटेल की परदेशातले प्रेक्षक आता उशिरा येतात.

दिवाळीच्या फराळाचं लाइव्ह दोन्हीकडच्यांना जमावं असं वाटत असेल, तर पहाटेच्या उंचवट्याला धरून बसणं गैरसोयीचं. रविवारी संध्याकाळी साडेसात ही वेळ घेतली, तर त्या मोसमात न्यू जर्सीत सकाळचे नऊ आणि दुबईत संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं पुन्हा पुढे गेली, की हेच साडेसात तिकडे दहा होतात. होळीच्या पुरणपोळीचं लाइव्ह त्या रविवारच्या अलीकडे येतं की पलीकडे, हे त्या-त्या वर्षीच्या कॅलेंडरमध्ये पाहूनच घोषणेत तिथली वेळ टाकावी लागते.